कामाच्या ताईंची वेळ बदलायची आहे? मेसेज असा लिहा

नव्यानं घर मांडलेल्यांना पोळ्यांना किंवा भांड्यांना कुणी तरी मिळालं की सुटल्यासारखं वाटतं. खरी पंचाईत सहा महिन्यांनी येते. ऑफिसची शिफ्ट बदलते, बाळ पाळणाघरात जायला लागतं, नाहीतर शाळेची वेळ सरकते, आणि मग ताईंना कळवायचं असतं की आता वेळ बदला. आपण रात्री अंथरुणात पडल्या पडल्या दोन ओळी टाइप करतो आणि झोपतो. सकाळी घोळ होतो.

माझाच घोळ सांगते. रात्री साडेबारा वाजता मी मंदाताईंना लिहिलं होतं, ‘ताई, उद्या जरा लवकर या.’ माझ्या डोक्यात ‘उद्या’ म्हणजे झोपून उठल्यावरची सकाळ. मंदाताईंनी मेसेज पाहिला सकाळी सहाला, चहा ठेवताना. त्यांच्यासाठी ‘उद्या’ म्हणजे त्याच्या पुढचा दिवस. त्या दिवशी त्या नेहमीच्या वेळेला आल्या, मी डब्याशिवाय ऑफिसला गेले, आणि दुसऱ्या दिवशी पावणेसहाला त्या दारात उभ्या. चूक सगळी माझी. ‘उद्या’ही चुकलं आणि ‘जरा लवकर’ही.

तेव्हापासून मी एक पद्धत पाळते. या जूनमध्ये ती पुन्हा वापरावी लागली, म्हणून तेच उदाहरण धरून सगळं सांगते. २०२४ मध्ये राज्य सरकारनं चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवायला सांगितले. आमच्या लेकीची शाळा या वर्षी आठवरून नऊवर गेली. व्हॅन आधी ७.२५ ला यायची, आता ८.२५ ला येणार. म्हणजे पोळी-भाजीही तासभर उशिरा झाली तरी चालणार. मंदाताई ६.४५ ला येत होत्या, त्या ७.४५ ला आल्या की झालं, असं मला वाटलं.

आधी त्यांचा दिवस कागदावर मांडा

मेसेज लिहायच्या आधीची ही पायरी आहे आणि बहुतेक जण तीच गाळतात. आपलं घर त्यांच्या साखळीतली एक कडी असते. मंदाताईंची साखळी अशी होती: आमच्याकडे ६.४५ ते ८, शेजारच्या बिल्डिंगमध्ये एका काकूंकडे ८.१५ ते ९.१५, तिसरं घर ९.३० ते १०.३०, चौथं ११ ते १२.३०. हे मला पाठ नव्हतं, विचारून घ्यावं लागलं. पोळ्या लाटता लाटता त्यांनी दोन मिनिटांत सांगितलं.

आता ७.४५ ला या म्हटलं की सव्वा तासाचं काम नऊला संपणार आणि काकूंचं ८.१५ चं काम बुडणार. तसा मेसेज मी टाकला असता तर त्यांनी दोनपैकी एक केलं असतं. एक तर ‘हो’ म्हणून दोन दिवस धावपळ करत सगळीकडे उशिरा पोचल्या असत्या, नाहीतर तिसऱ्या दिवशी ‘जमत नाही’ म्हणून काम सोडलं असतं. मेसेज कितीही गोड असता तरी यातलं काही टळलं नसतं.

मग बोला, आणि पर्याय त्यांना सुचवू द्या

बदलाची पहिली बातमी मेसेजवर देऊ नका. समोरासमोर बोला, नाहीतर फोन करा. बोलून जे ठरलं त्याची लेखी खूण म्हणून मेसेज असतो. बोलण्याआधीच पाठवला की तो हुकूम वाटतो.

बोलण्याची वेळही बघून निवडा. त्या दारात चप्पल घालून दुसऱ्या घराकडे निघाल्यात आणि आपण ‘अहो ताई, एक मिनिट’ म्हणतो, हे सर्रास होतं. तेव्हा त्या काय हवं ते कबूल करतात, कारण घड्याळ पुढे पळत असतं. मी शुक्रवारी, ५ जूनला, चहाच्या वेळी विषय काढला. वाक्य साधं होतं: ‘ताई, शाळा नऊची झालीय. पंधरा तारखेपासून पोळी-भाजी आठ-सव्वाआठपर्यंत झाली तरी चालेल. तुमची बाकीची घरं सांभाळून कसं बसवता येईल?’

शेवटचा प्रश्न मुद्दाम ‘जमेल का?’ असा विचारला नाही. ‘जमेल का’ला उत्तर ‘हो’ येतं, मनात नसलं तरी येतं. ‘कसं बसवता येईल’ म्हटलं की माणूस हिशेब मांडायला लागतो. मंदाताईंनी मांडला. त्यांच्या वस्तीत नळाला पाणी सकाळी सहाला येतं, त्यामुळे ६.४५ ला पोचताना त्यांचा जीव मेटाकुटीला यायचा. सव्वासात त्यांना सोयीचं होतं. सव्वासात ते आठ-पाचपर्यंत पोळी-भाजी करायची आणि काकूंकडे जायचं. भांडी राहिली. तिसरं घर साडेदहाला सुटतं आणि चौथं अकराला सुरू होतं, त्या मधल्या वेळात येऊन भांडी करून जाईन, असं त्याच म्हणाल्या. मला हे सात जन्मात सुचलं नसतं.

त्यातून दोन नवे प्रश्न आले. साडेदहाला आम्ही घरी नसतो, मग चावी कुठे ठेवायची? आणि एकाच घरी दोनदा यायचं म्हणजे पायपीट वाढली, तिचं काय? कामाची एकूण मिनिटं पाचनं कमीच झाली होती, पण दोन फेऱ्या म्हणजे दोनदा जिना, दोनदा गेटवर नोंद. महिना ३,५०० रुपये होते, त्याचे ३,८०० करायचं ठरलं. हा आकडा आमच्या दोघींच्या हिशेबातला आहे, तुमच्याकडे वेगळा निघेल. पण काम दोन फेऱ्यांत तोडत असाल किंवा वेळ गैरसोयीची करत असाल, तर पैशाचा विषय आपण काढायचा. त्यांनी काढायची वाट बघू नये.

आता मेसेजची पहिली ओळ

फोनच्या स्क्रीनवर नोटिफिकेशनमध्ये पहिली एक-दोन वाक्यंच दिसतात. आमच्या मजल्यावरच्या एका वहिनींनी लिहिलं होतं, ‘मावशी, उद्यापासून सकाळी येऊ नका, दुपारी…’ आणि पुढे बरंच. मावशींच्या स्क्रीनवर ‘उद्यापासून सकाळी येऊ नका’ एवढंच आलं. त्यांना वाटलं, काढून टाकलं. त्यांनी मेसेज उघडलाच नाही, दुसऱ्या दिवशी दुसरं काम बघायला गेल्या. वहिनी दुपारी वाट बघत बसल्या.

म्हणून पहिल्या ओळीत नकार नको, जुनी वेळही नको. नवी वेळ आणि काम चालू आहे ही खात्री, दोन्ही तिथेच आलं पाहिजे. ‘६.४५ ला येऊ नका’ असं न लिहिता ‘सकाळी ७.१५ ला या’ असं लिहा. जुन्या वेळेचा उल्लेख करायचाच तर नंतर, एका वाक्यात.

वेळ आणि दिवस: मराठीत कुठे पाय घसरतो

‘परवा’ हा शब्द मेसेजमधून हद्दपारच करा. मराठीत परवा मागेही असतो आणि पुढेही. बोलताना क्रियापदावरून कळतं, पण ‘परवा सांगितलं तसं परवापासून’ असं वाक्य मी स्वतः वाचलेलं आहे. ‘पुढच्या सोमवारी’ही तसाच. बुधवारी हा शब्द वापरला तर काहींना तो चार-पाच दिवसांवरचा सोमवार वाटतो, काहींना त्याच्या नंतरचा. ‘येत्या सोमवारी’ थोडं बरं, पण वार आणि तारीख दोन्ही लिहिलं की प्रश्नच मिटतो: ‘सोमवार, १५ जून’. वार आणि तारीख जुळते का हे कॅलेंडरवर बघून घ्या. चुकीची जोडी पडली तर नुसत्या वारापेक्षा जास्त गोंधळ होतो.

वेळेचं म्हणाल तर ‘आठपर्यंत’ हा फार फसवा शब्द आहे. ‘आठपर्यंत या’ म्हणजे आठच्या आत पोचा की आठपर्यंत काम उरका? येण्याची वेळ आणि काम संपायची वेळ दोन वेगळ्या वाक्यांत लिहा. ‘साडेआठच्या सुमारास’ म्हणजे कुणाला सव्वाआठ, कुणाला पावणेनऊ. आणि सकाळी-संध्याकाळी हे शब्द आकड्याआधी हवेतच, कारण ‘सहा वाजता या’ दोन्हीकडे चालतं.

आकड्यात लिहा आणि अक्षरातही लिहा. ‘७.१५ (सव्वासात)’. बोलून पाठवणार असाल तर हे आणखी महत्त्वाचं. मिक्सर चालू असताना सव्वासात आणि साडेसात कानाला सारखेच लागतात. व्हॉइस मेसेजमध्ये मी म्हणते, ‘सव्वासात, म्हणजे सात वाजून पंधरा मिनिटं.’

नम्र लिहायचं, पण ठाम

इथे नवीन माणसं दोन टोकांना जातात. काही जण सोसायटीच्या नोटीस बोर्डासारखं लिहितात: ‘दि. १५ पासून सकाळी ७.१५ वाजता हजर राहावे, नोंद घ्यावी.’ यात चूक काही नाही, फक्त ते माणसानं माणसाला लिहिलेलं वाटत नाही. दुसऱ्या टोकाला सॉरी, प्लीज, जमलं तर, शक्यतो, तुम्हाला चालत असेल तर. वाचणाऱ्याला कळतच नाही की हे ठरलंय की विचारताय. ‘जमलं तर सव्वासातला या’ याचा सरळ अर्थ नाही जमलं तर नेहमीच्या वेळेला येते, असा होतो. तो त्यांनी तसा घेतला तर त्यांची चूक नाही.

बोलून ठरलेलं आहे, तेव्हा ‘जमलं तर’ची गरज उरत नाही. नम्रता संबोधनात आणि क्रियापदात येऊ द्या. ताई, मावशी, जे रोज तोंडी म्हणता तेच लिहा. एरवी ‘मावशी’ म्हणणाऱ्यानं मेसेजमध्ये एकदम नाव लिहिलं की त्यांना वाटतं काहीतरी बिनसलंय. वयानं लहान मुलगी कामाला येत असेल आणि तुम्ही तिला अगं-तुगं करत असाल, तरी लेखी ‘तुम्ही’ चांगलं दिसतं. आणि एकदा, फक्त एकदा, त्या आपल्यासाठी बदल करताहेत याची दखल घ्या.

काय बदलत नाही हेही लिहा

वेळ बदलली की लगेच मनात येतं: पगार तोच ना? रविवारची सुट्टी राहील ना? काम वाढवलं की काय? एका ओळीत याचं उत्तर द्या. आणि बदल कायमचा आहे की काही दिवसांचा, तेही लिहा. पाहुणे आलेत म्हणून आठवडाभर वेळ बदलली आणि शेवटची तारीख लिहिली नाही, तर पुढच्या आठवड्यातही त्या त्याच वेळेला येतात आणि आपण चिडतो.

हा मेसेज जपून ठेवण्यासारखा असतो, तुम्हालाही आणि त्यांनाही. घरकामात नेमणूकपत्र सहसा कुणी देत नाही. महाराष्ट्रात २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम आहे, पण तो मुख्यतः नोंदणी आणि कल्याणकारी योजनांचा. तुमच्या घरी किती वाजता यायचं हे तो ठरवत नाही. घरकामगारांसाठी २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं केलेला करार क्रमांक १८९ मात्र म्हणतो की कामाच्या अटी, त्यात कामाचे तासही आले, कामगाराला समजेल आणि नंतर पडताळता येईल अशा रीतीनं सांगाव्यात. भारतानं तो अजून मान्य केलेला नाही. पण ‘समजेल आणि पडताळता येईल’ ही कसोटी मेसेजसाठी मला अगदी चपखल वाटते.

तयार मेसेज

ठरलं त्याच संध्याकाळी, शुक्रवारी साडेसहाला, मी पाठवलेला मेसेज हा:

‘मंदाताई, आज बोललो तसं आपलं नवं वेळापत्रक लिहिते.
सोमवार, १५ जूनपासून सकाळी ७.१५ (सव्वासात) ला या. पोळी-भाजी करून ८.०५ ला निघा.
भांड्यांसाठी सकाळी १०.३५ ला परत या. घरी कोणी नसेल, चावी वॉचमनकडे असेल.
शनिवार, १३ जूनपर्यंत नेहमीसारखंच, सकाळी पावणेसातला.
काम तेवढंच आहे, रविवारची सुट्टीही तशीच. दोन फेऱ्या होतात म्हणून १५ जूनपासून महिना ३,८०० रुपये.
३० जूनला पुन्हा बोलू, काही अडचण असेल तर बदलू.
तुमच्यामुळे शाळेचं गणित जमलं, बरं वाटलं.
सोमवारी १५ तारखेला सकाळी किती वाजता येताय, ते मला लिहून किंवा बोलून पाठवा.’

शेवटची ओळ बघा. ‘कळलं ना?’ विचारलं की ‘हो ताई’ येतं, नाहीतर अंगठा. त्यावरून काहीच समजत नाही. वेळ त्यांच्या तोंडून आली की समजतं. निळ्या टिकाही पुरावा नाहीत. बऱ्याच घरांत फोन मुलाच्या हातात असतो, टिका निळ्या होतात आणि निरोप आईपर्यंत पोचतच नाही.

वाचता येत नसेल तर

हे विचारायची लाज वाटून घेऊ नका, पण ‘तुम्हाला वाचता येतं का?’ असं थेटही नको. ‘लिहून पाठवू की बोलून?’ असं विचारा. बोलून पाठवायचं असेल तर पाऊण मिनिटाच्या आत आटपा आणि वेळ दोनदा सांगा. मी लेखी आणि बोलका दोन्ही पाठवते. लेखी त्यांची लेक वाचून दाखवते, बोलका त्या चालता चालता ऐकतात. ताई मराठी नसतील तर त्यांना सोयीच्या भाषेत लिहा. हिंदीत लिहिताना एक सांभाळा: मराठी ‘दीड’ आणि ‘अडीच’ ऐकताना घोटाळा होऊ शकतो, म्हणून १.३० आणि २.३० असे आकडेच द्या.

ऐनवेळचा बदल, म्हणजे आज रात्री ठरलं आणि उद्या सकाळी हवं, तो मेसेजवर सोडू नका. रात्री नऊच्या आत फोन करा. उचलला नाही तर बदल झालेला नाही असं धरून चाला.

मेसेजनंतरची बारीक कामं

सोसायटीच्या गेटवर कामाच्या बायकांची येण्याची वेळ ॲपमध्ये भरलेली असेल, तर तीही बदला. आमच्याकडे ती ६.३० ते ८.३० अशी होती. १०.३५ च्या फेरीला वॉचमननं अडवलं असतं आणि त्या गेटवर उभ्या राहिल्या असत्या, दोष कुणाचाच नसताना. आदल्या दिवशी, रविवारी १४ जूनला, आठवणीची एकच ओळ पाठवली: ‘ताई, उद्या सोमवार १५ जून, सकाळी ७.१५.’ इथे ‘उद्या’ चालतं, कारण तारीख सोबत आहे आणि मेसेज संध्याकाळी पाचला गेला होता.

शुक्रवारच्या मेसेजला उत्तर मात्र लगेच आलं नव्हतं. रात्री नऊला त्यांचा व्हॉइस मेसेज आला, मागे कुकरची शिट्टी: ‘हां ताई, सोमवारी पंधरा तारखेला सव्वासातला येते, सात वाजून पंधराला. पण चावी वॉचमनकडं नका ठेवू, तो दहाला बदलतो, नवीन माणूस देत नाही कधी कधी. समोरच्या काकूंकडं ठेवा.’

मी समोरच्या काकूंना विचारून आले, मग तोच मेसेज पुन्हा कॉपी केला, चावीची ओळ बदलली, वर लिहिलं ‘हा नवीन, आधीचा बाद’, आणि आधीचा डिलीट करून टाकला.